आजारातून उठलेल्या माणसासाठी घरातली कृतज्ञतेची प्रार्थना: तयारीपासून प्रसादापर्यंत

घरातलं माणूस लांबलचक आजारातून उठलं की इंदूरच्या मराठी घरांत पहिला शब्द निघतो तो सत्यनारायणाचा. दुसरा निघतो खजराण्याच्या गणपतीचा, आणि कुणी कुलदैवताला काही बोललेलं असेल तर जेजुरीचा किंवा तुळजापूरचा. हे सगळं करावं, पण लगेच नाही. सत्यनारायणाला चार माणसं जास्तीची येतात आणि पोथी-आरतीसकट दोन-अडीच तास बसणं होतं. नुकत्या उठलेल्या माणसाला ते झेपत नाही. म्हणून आधी घरच्या देवघरापुढे, घरच्याच माणसांनी, पाऊण तासात होईल अशी प्रार्थना करावी. ती भटजींशिवाय होते आणि तिला मुहूर्त लागत नाही. घरात सोयर-सुतक नसावं आणि शक्यतो पितृपक्ष टाळावा, एवढं पाहिलं की पुरे.

उदाहरणासाठी एक घर धरू. सुदामानगरातलं पाच माणसांचं कुटुंब: सासूबाई, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सुनेला फुप्फुसाचा क्षय झाला होता आणि सहा महिन्यांची औषधं नुकतीच संपली आहेत. क्षयाचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण अशा प्रार्थनेत जिथे जिथे चुकतं त्या बहुतेक जागा या एका आजारात दिसतात. दुसऱ्या आजारातून माणूस उठलं असेल तर क्रम हाच ठेवावा, पथ्य तेवढं डॉक्टरांना विचारून बदलावं.

दिवस कधी धरायचा

सगळ्यात मोठी चूक दिवस ठरवताना होते. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं असतात आणि पुढचे चार महिने त्यांतली काही चालू राहतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांतच ताप जातो, भूक लागते, वजन चढू लागतं. घरच्यांना वाटतं, बरी झाली. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि देवाचे आभार मानून झाले म्हटल्यावर गोळ्यांतही ढिलाई सुरू होते. ‘आता कशाला एवढी औषधं, देवाने बरं केलंय ना’ हे वाक्य प्रेमातूनच येतं, पण त्याची किंमत मोठी असते. मधेच औषध सोडलं तर उरलेले जंतू पुन्हा उचल खातात, आणि तेव्हा त्यांच्यावर तीच औषधं चालतील याची खात्री राहत नाही. मग उपचार अधिक लांबतो आणि अधिक त्रासाचा होतो.

म्हणून दिवस कॅलेंडर पाहून नव्हे, डॉक्टरांना विचारून धरावा. शेवटची गोळी घेऊन झाली, शेवटची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी ‘उपचार पूर्ण’ असं लिहून दिलं, की त्यानंतरचा येणारा सोयीचा रविवार घ्यावा. मधल्या टप्प्यावर मन राहवत नसेल तर देवापुढे साखर ठेवावी आणि नमस्कार करावा. आभाराची प्रार्थना मात्र शेवटाला.

वेळ सकाळी नऊ-साडेनऊची बरी. आजारातून उठलेल्या माणसाची ताकद दिवसभरात उतरत जाते, संध्याकाळी दिवेलागणीला ती जेमतेम उभी असते. सकाळी तिने न्याहारी करून बसावं. उपास करायचाच असेल तर तो घरातल्या धडधाकट माणसाने करावा. सासूबाईंना मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यांनीही नाही.

आदल्या दिवशी करायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट ताटाची. क्षय झालेल्या माणसाचं ताट, वाटी, पेला वेगळे काढून ठेवायची सवय पुष्कळ घरांत असते. हा आजार भांड्यांतून पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. पण भीतीपोटी ताट वेगळं झालेलं असतं, आणि माणूस बरं झाल्यावरही ते ओट्याच्या कोपऱ्यात तसंच पडून राहतं, कारण ते परत मांडणीत ठेवण्याचा विषय कुणी काढत नाही. प्रार्थनेच्या आदल्या रात्री ते ताट इतर भांड्यांबरोबर घासून मांडणीत बाकीच्या ताटांच्या थप्पीत लावावं. हे काम सासूबाईंनी किंवा नवऱ्याने करावं, सुनेने स्वतः नव्हे. तिने केलं तर ती आपली खूण आपणच पुसते आहे असं होतं. मोठ्यांनी केलं तर घराने तिला परत ओळीत घेतलं असं होतं. उपचार पूर्ण झाले आहेत, तपासणीत जंतू नाहीत, तेव्हा तिच्याजवळ बसायला, तिच्या हातचा प्रसाद खायला कुणालाही अडचण नाही. घरातल्या मुलांना हे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगावं.

दुसरी गोष्ट तिला विचारण्याची. प्रार्थना तिच्यासाठी आहे म्हणून तिने चार माणसांत बोललंच पाहिजे असं नाही. आजाराचं नाव उघड व्हावं की नाही, शेजारच्या काकूंना बोलवावं की नाही, हेही तिनेच ठरवायचं. सासूबाईंनी एवढंच म्हणावं, “उद्या तुला काही बोलावंसं वाटलं तर बोल गं, नाही तर नुसती आमच्यात बस.” ती “नको आई, तुम्हीच म्हणा” म्हणाली तर विषय तिथेच संपवावा. संकल्पात आणि प्रार्थनेत ‘दीर्घ आजार’ एवढंच म्हणता येतं, आजाराचं नाव घेण्याची कुठेच गरज पडत नाही. आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी खोदून विचारलंच तर उत्तर काय द्यायचं हेही आदल्या दिवशी ठरलेलं असावं, म्हणजे दोन माणसांची दोन उत्तरं होत नाहीत.

सामान आणि बैठक

सामान थोडं लागतं. ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन आणि समई, उगाळलेलं गंध, हळद-कुंकू, अक्षता, फुलं आणि एकवीस दूर्वांची एक जुडी, दोन विड्याची पानं आणि सुपारी, एक नारळ, नैवेद्याची वाटी. औक्षणासाठी आणखी एक अख्खी सुपारी आणि सोन्याची अंगठी. फुलं एखाद-दुसऱ्या ओंजळीपुरती आणावीत. निशिगंधासारख्या उग्र वासाच्या फुलांचे हार खोकला असलेल्या माणसाच्या खोलीत नकोत. झेंडू, जास्वंद, शेवंती चालतात. अक्षतांसाठी मूठभर अख्खे तांदूळ निवडून घ्यावेत, त्यात चिमूटभर कुंकू आणि पाण्याचे चार-पाचच थेंब टाकून हलक्या हाताने चोळावं. पाणी जास्त झालं की तांदळाचे गोळे होतात आणि ओंजळीतून ते सुटे पडत नाहीत.

पाण्यासाठी वेगळी खटपट नको. इंदूरच्या बहुतेक नळांना नर्मदेचंच पाणी येतं. सकाळी भरलेलं ताजं पाणी तांब्यात घ्यावं.

बैठकीत सुनेला पाट देऊ नये, खुर्ची द्यावी. औषधांनी आणि अशक्तपणाने गुडघे, सांधे दुखत असतात. मांडी घालून अर्धा तास बसली की उठताना चक्कर येते. खुर्ची देवघराच्या समोर, पण दरवाजा किंवा खिडकीच्या बाजूला ठेवावी. पूजेला नवऱ्याने पाटावर बसावं. तिला पूजेत हात लावायचा असेल तर तिने नवऱ्याच्या उजव्या हाताला आपला हात लावावा. शास्त्रात सहभागासाठी एवढं पुरतं.

आता धुराबद्दल. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात व्रण राहतात, आणि धूप, उदबत्ती, कापूर यांच्या धुराने खोकल्याची उबळ येते. प्रार्थनेच्या मधोमध ती खोकू लागली की सगळ्यांचे चेहरे बदलतात, तिला अपराध्यासारखं होतं, आणि जी गोष्ट आनंदाची म्हणून मांडली ती भीतीची होते. म्हणून त्या दिवशी धूप लावायचाच नाही. पूजेत याला सरळ तोड आहे: जो उपचार जवळ नाही त्याच्या जागी अक्षता वाहतात. ‘धूपार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणावं आणि चिमूटभर अक्षता वाहाव्या, पूजा अपुरी राहत नाही. कापूर आरतीनंतर अंगणात किंवा गॅलरीत न्यावा. तुपाच्या निरांजनाला धूर जवळजवळ नसतो, फक्त वात जाड नको आणि तूप पाझरून काळी पडलेली जुनी वात परत वापरू नये.

संकल्प

नवऱ्याने पाटावर बसून आचमन करावं. ‘केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः’ म्हणत तीनदा पळीभर पाणी प्यायचं, ‘गोविंदाय नमः’ म्हणत चौथ्यांदा ताम्हणात सोडायचं. मग उजव्या हातात अक्षता आणि पाणी घेऊन संकल्प.

इथे इंदूरकरांची हमखास गफलत होते. घरातली पूजेची पोथी पुण्या-मुंबईची असते, तिच्यात देशकालाच्या उच्चारात गोदावरीचा तीर छापलेला असतो, आणि आपण तोच वाचून जातो. इंदूर नर्मदेच्या उत्तरेला आहे. इथे ‘नर्मदायाः उत्तरे तीरे’ म्हणायचं. दुसरी गफलत महिन्याची. आपल्या मराठी कॅलेंडरात महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हींकडे महिन्याचं नाव सारखं असतं, पण वद्य पक्षात एक महिन्याचा फरक पडतो. आपल्याकडे मार्गशीर्ष वद्य पंचमी असते तेव्हा शेजारच्या शर्माजींकडे पौष कृष्ण पंचमी असते. तिथी एकच, नाव वेगळं. दोन्हींपैकी कोणतंही चुकीचं नाही, मात्र शके एका पंचांगातून आणि महिना दुसऱ्यातून असं करू नये. मराठी कॅलेंडर घेतलं असेल तर शके, मास, पक्ष, तिथी सगळं त्यातूनच घ्यावं.

देशकाल म्हणून झाला की संस्कृतात पुढचं वाक्य असं म्हणावं, कंसातल्या जागी नाव घालून:

*मम भार्यायाः (नाव)-नाम्न्याः दीर्घव्याधिनिवृत्तिनिमित्तं, सकुटुम्बः अहं, कृतज्ञतापूर्वकं श्रीगणपति-कुलदेवताप्रीत्यर्थं पञ्चोपचारपूजनं प्रार्थनां च करिष्ये।*

सवयीने ‘आरोग्यप्राप्त्यर्थं’ म्हणण्याकडे जीभ वळते, कारण एरवीच्या पूजेत मागणं असतं. इथे मिळालेलं आहे, त्याचे आभार आहेत. आई बरी झाली असेल तर ‘मम मातुः’, वडील असतील तर ‘मम पितुः (नाव)-नाम्नः’ म्हणावं. स्वतः बरं झालेला माणूस पूजेला बसला असेल तर नुसतं ‘मम दीर्घव्याधिनिवृत्तिनिमित्तं’ पुरे.

संस्कृत जमत नसेल तर अडखळत म्हणण्यापेक्षा मराठीत म्हणावं: “आज शके अमुक, अमुक महिन्यात, अमुक तिथीला, नर्मदेच्या उत्तरेला इंदूर नगरीत, अमुक गोत्रातले आम्ही सगळे, घरातलं माणूस लांबच्या आजारातून बरं झालं म्हणून गणपतीची आणि कुलदेवतेची पूजा करतो आणि त्यांचे उपकार आठवतो.” एवढं बोलून पाणी ताम्हणात सोडावं.

पाच उपचार

षोडशोपचार पूजा आज नको. अभिषेकाला लागणारं पंचामृतही आज नको, कारण ते कच्च्या दुधाचं करायची पद्धत असते आणि नुकत्या उठलेल्या पोटाला ते सोसत नाही. गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पाचांवर पूजा पूर्ण होते.

गंध अनामिकेने लावावं. फूल देठ देवाकडे करून वाहावं. गणपतीला दूर्वांची जुडी वाहावी, तुळस वाहू नये. देवघरात बाळकृष्ण असतोच, तुळस त्याला. धुपाऐवजी अक्षता, वर सांगितल्याप्रमाणे. दीप म्हणजे निरांजन, ते एकदा ओवाळून देवाच्या उजव्या हाताला ठेवावं.

नैवेद्याला शिरा करावा. सत्यनारायणाचा सव्वाच्या मापाचा शिरा तुपाने जड असतो. आज हलका करायचा. आठ-दहा माणसांच्या प्रसादाला एक वाटी रवा, पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी साखर, अडीच वाट्या दूध-पाणी निम्मेनिम्मे आणि एक पिकलेलं केळं. रवा तुपात मंद आंचेवर बारा-पंधरा मिनिटं, खमंग वास येऊन दाणा हलका लागेपर्यंत भाजावा. केळ्याच्या चकत्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातच परताव्या. दूध-पाणी उकळतं घालावं, गार घातलं की गुठळ्या होतात. झाकण ठेवून रवा पूर्ण फुलू द्यावा, आणि मगच साखर घालावी. साखर आधी पडली तर दाणा फुलत नाही, शिरा कचकचीत राहतो. क्षयाबरोबर मधुमेह असलेली माणसं पुष्कळ असतात. सुनेला साखर वर्ज्य असेल तर नैवेद्य तोच ठेवावा आणि तिच्यासाठी त्याच्या बाजूला साखर न घातलेल्या दुधाची किंवा ओल्या खोबऱ्याची वाटी ठेवावी. तोही देवापुढचाच प्रसाद आहे, तिला वगळल्यासारखं होत नाही.

वाटीखाली पाण्याने चौकोन काढून, वाटीभोवती पळीने पाणी फिरवून, ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा, उदानाय स्वाहा, समानाय स्वाहा, ब्रह्मणे स्वाहा’ म्हणत नैवेद्य दाखवावा. गणपतीच्या नैवेद्यावर सवयीने तुळशीचं पान ठेवलं जातं, त्याऐवजी दूर्वा ठेवावी. मग विडा आणि दक्षिणा.

प्रार्थना म्हणायची कशी

आता मुख्य भाग. इथे सगळ्यांनी उभं राहावं, सुनेने खुर्चीतच बसून राहावं. प्रार्थना घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने वाचावी. या घरात सासूबाईंनी. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्यावी, कारण पाठ असली तरी या दिवशी गळा दाटतो आणि ओळी सुटतात. तीन मिनिटांहून लांब नको. लांबली की मुलं चुळबुळतात आणि आजारी माणसाला पुन्हा सहा महिने जगल्यासारखं होतं.

मजकूर असा ठेवता येईल. कुलदैवत आपापलं घालावं:

“हे गजानना, हे खंडेराया, आम्ही घरचे सगळे आज तुमच्यापुढे हात जोडून उभे आहोत.

आमच्या घरातलं माणूस कित्येक महिने अंथरुणाला खिळलं होतं, ते आज आमच्यात बसलं आहे. हे आमच्या बळावर झालं असं आम्ही म्हणत नाही.

ज्या डॉक्टरांनी आजार ओळखला, ज्यांनी गोळ्या दिल्या आणि रोज विचारपूस केली, ज्यांनी डबा आणला, ज्यांनी मुलांना शाळेत सोडलं, रात्री-बेरात्री फोन उचलला, त्या सगळ्यांच्या हातांत तुम्ही होतात. त्यांना सुखी ठेवा.

या दिवसांत आम्ही घाबरलो, कंटाळलो, एकमेकांना टाकून बोललो, तिच्यापासून लांब बसलो. त्याची क्षमा असावी.

तिच्याबरोबर रांगेत बसलेली जी माणसं अजून औषधं घेताहेत, त्यांनाही पैलतीर दिसू द्या. ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही, त्यांना धीर द्या.

तिची ताकद हळूहळू परत येऊ द्या, आणि तिला घाई न करण्याची बुद्धी आम्हाला द्या. पुढच्या तपासण्या आम्ही चुकवणार नाही. बोललेला नवस आमच्या लक्षात आहे, ती प्रवासाला धड झाली की आम्ही येऊ.

तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. आमचा नमस्कार घ्या.”

मजकुरात भर घालावीशी वाटेल, ती माणसांच्या नावांची घालावी. ‘सगळ्यांचे आभार’ म्हणण्यापेक्षा ‘समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दोन महिने पोळ्या करून द्यायच्या’ हे म्हटलेलं ऐकणाऱ्याला पोहोचतं. चिडचिडीबद्दलची क्षमेची ओळ मात्र गाळू नये. लांबच्या आजारात सांभाळणारं माणूस थकतं, तोडून बोलतं, आणि नंतर त्याला ते कुणाजवळच कबूल करता येत नाही. इथे ते देवापुढे, सगळ्यांच्या वतीने, कुणाचंही नाव न घेता म्हटलं जातं.

यानंतर ज्याला वाटेल त्याने एकेक वाक्य बोलावं. मुलांना आधी सांगून ठेवावं की एकच वाक्य. ‘आई परत भाजी निवडताना माझ्याशी गप्पा मारते’ हे दहा वर्षांच्या मुलाला पुरेसं आहे. काही बोलणी मात्र इथे येऊ देऊ नयेत. ‘दृष्टच लागली होती’, ‘मागच्या जन्माचं काही असेल’, ‘तेव्हा ऐकलं असतंस तर’, ‘अमक्याची सून तर गेलीच याच आजारात’. एखादी लांबची आत्या हे बोलणार असं आधीच माहीत असेल तर तिला प्रार्थनेला न बोलावता दुपारी जेवायला बोलवावं. सुनेला रडू आलं तर प्रार्थना थांबवू नये आणि ‘रडू नकोस’ असंही म्हणू नये. नवऱ्याने शेजारी उभं राहावं, वाचणाऱ्याने वाचत राहावं.

मग गणपतीची आरती, एखादी कुलदेवतेची, आणि मंत्रपुष्पांजली. टाळ्या हळू वाजवाव्यात. खोली लहान असली तर टाळ-झांजा नकोत. आरत्यांची रांग लावण्याचा मोह आवरावा, दोन पुरे.

औक्षण

आरतीनंतर त्याच निरांजनाने बऱ्या झालेल्या माणसाचं औक्षण करावं. ताम्हणात निरांजन, अख्खी सुपारी, सोन्याची अंगठी, हळद-कुंकू आणि अक्षता. सुनेची खुर्ची पूर्वेकडे तोंड करून वळवावी. सासूबाईंनी आधी हळद-कुंकू लावावं, डोक्यावर अक्षता टाकाव्या, मग सुपारी आणि अंगठी हातात धरून तिच्या तोंडासमोरून तीनदा ओवाळून ताम्हणात ठेवावी, आणि शेवटी निरांजनाने तीनदा ओवाळावं. ताम्हण चेहऱ्यापासून हातभर लांब धरावं. तिला वाकून नमस्कार करायला लावू नये, तिने बसल्या जागी हात जोडावे.

ओटी भरायची असेल तर याच वेळी भरावी. एरवी पाच मुठी तांदूळ, खण-नारळ असतो. खुर्चीत बसलेल्या अशक्त माणसाच्या पदरात नारळ आणि तांदळाचा भार नको, सुपारी, हळकुंड, एक फळ आणि मूठभर तांदूळ पुरे. नारळ हातात देऊन लगेच बाजूला ठेवावा.

प्रसाद पहिला तिला द्यावा, काल मांडणीत लावलेल्या थप्पीतल्या कोणत्याही ताटलीत. तिने इच्छा असेल तर नंतर स्वतः सगळ्यांना वाटावा. तिच्या हातून सगळ्यांनी प्रसाद घेतला, की मुलांच्या मनात उरलेली भीती तिथेच संपते, समजावून सांगण्याने ती तितकी संपत नाही.

नवसाचं काय

आजाराच्या दिवसांत हळद-कुंकू लावून पिवळ्या फडक्यात बांधलेला सव्वा रुपया देवघरात ठेवलेला असेल, तर तो प्रार्थनेच्या दिवशी सोडू नये. त्याला नुसता हात लावून नमस्कार करावा आणि नवस फेडायला जाताना बरोबर न्यावा. जेजुरीचा गड चढणं दमाचं काम आहे. डॉक्टरांनी चढ-उताराला परवानगी दिल्यावरच निघावं. घरातल्या दुसऱ्या कुणी आधी जाऊन भंडारा वाहून आलं तरी चालतं, पण नवस तिच्या पायांनी जाण्याचा बोललेला असेल तर थांबावं.

खजराण्याला मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून मागणं मागण्याची रीत आहे, आणि मागणं पुरं झालं की परत जाऊन सरळ स्वस्तिक काढायचं. घरातल्या कुणी उलटं काढलं असेल तर सरळ काढायला जाणं राहून जाऊ देऊ नये. मात्र बुधवारी आणि चतुर्थीला तिथे दाटी असते. सुनेला न्यायचं असेल तर इतर वारी सकाळी लवकर न्यावं. सत्यनारायण महिन्या-दीड महिन्याने, ती दोन तास बसू शकते असं दिसलं की घालावा.

दक्षिणा काढून ठेवलेली असते, तिचा एक वापर आम्हाला विशेष योग्य वाटतो. उपचार चालू असलेल्या क्षयरुग्णांना पोषक शिधा देण्यासाठी सरकारची निक्षय मित्र योजना 2022 पासून आहे. सामान्य कुटुंबही एखाद्या रुग्णाचा काही महिन्यांचा शिधा उचलू शकतं. जवळच्या सरकारी क्षयरोग केंद्रात विचारलं की नोंदणी कशी करायची ते सांगतात. डाळ, शेंगदाणे, तेल, धान्य यांचा महिन्याचा कोरडा शिधा कुणाच्या तरी घरी पोहोचतो. सुनेला आपलं नाव यात नको असेल तर नवऱ्याच्या नावाने करावं.

पूजा आवरताना शेवटचं एक काम उरतं. उपचार संपल्यावरही दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, म्हणजे सहाव्या, बाराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात, तपासणीला जायचं असतं. प्रार्थनेत ‘तपासण्या चुकवणार नाही’ असं म्हटलेलं आहे, तेव्हा त्याच दिवशी देवघराजवळच्या कॅलेंडरावर पुढच्या तपासणीची तारीख नवऱ्याने कुंकवाच्या बोटाने नव्हे, पेनाने स्पष्ट लिहावी, आणि बाकीच्या तीन तारखा डॉक्टरांच्या फायलीच्या पहिल्या पानावर. मधेच दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा ताप किंवा उतरणारं वजन दिसलं तर तारखेची वाट न पाहता जावं.